कॅमेऱ्यांची वेगळी विंग

मोठ्या हाउसिंग सोसायटीत राहत असाल तर तुम्हाला हे माहीत असेल. गेटसमोर कुणीतरी स्कूटर आडवी लावलेली असते. वॉचमन स्पीकरवरून ओरडतो, ‘अमुक नंबरची गाडी कुणाची आहे, खाली या!’ दीडशे फ्लॅटमधले लोक हातातलं काम थांबवून कान टवकारतात. त्यातला एक चप्पल घालून खाली जातो. बाकीचे एकशे एकोणपन्नास ‘आपली नाही’ म्हणून परत वरणाला फोडणी घालायला लागतात.

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हेच दिवसभर चालू असतं. फक्त ओरडणारा वॉचमन एक नसतो. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक फोन, प्रत्येक कॅमेरा अधूनमधून ओरडतो. याला म्हणतात ब्रॉडकास्ट. आणि ते किती जणांना ऐकू जावं हे ठरवणं हे माझं काम. घरी कुणी विचारलं तर आई सांगते, ‘कॉम्प्युटरमध्ये आहे.’ चालेल.

आमचं ऑफिस बाणेरला. मी आले तेव्हा अठरा माणसं होती, एक मजला होता आणि पॅन्ट्रीच्या कपाटावर ठेवलेला एक स्विच होता. धंदा कस्टमर सपोर्टचा, म्हणजे फोन हाच आमचा जीव. मग माणसं वाढली. दुसरा मजला घेतला. आज एकशे दहा कॉम्प्युटर, नव्वद डेस्क फोन, छत्तीस कॅमेरे, सहा प्रिंटर. शिवाय प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल वाय-फायवर. आणि हे सगळं एकाच नेटवर्कमध्ये. वाढत्या ऑफिसात असंच होतं. कुणी बसून प्लॅन करत नाही. नवीन माणूस आला की टेबलाखाली एक पाच पोर्टचा स्वस्त स्विच लागतो, त्यातून आणखी एक वायर निघते आणि सगळे खूश.

साध्या नेटवर्कमध्ये पत्ते असतात 254. आमची मोजदाद यापलीकडे गेली आणि सकाळी उशिरा येणाऱ्यांना इंटरनेट मिळेना. वायरिंगवाल्या कॉन्ट्रॅक्टरने लगेच उपाय सांगितला. ‘मॅडम, मास्क बदलून टाका, 255.255.254.0 करा, 510 पत्ते मिळतील.’ चूक नव्हता तो. पत्ते मिळाले असते. पण याचा अर्थ एवढाच की सोसायटीत आणखी फ्लॅट बांधायचे आणि स्पीकर तोच ठेवायचा. मी थांबवलं, कारण तोपर्यंत दुसरं एक दुखणं सुरू झालं होतं.

कॉल तुटायला लागले होते. पूर्ण तुटत नव्हते, आवाज चिरायचा. समोरचा माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायचं. तुमचा आवाज फोनमधून निघतो तो छोट्या छोट्या पाकिटांतून, साधारण सेकंदाला पन्नास. एक पाकीट सुमारे वीस मिलीसेकंदांचा आवाज नेतं. काही पाकिटं उशिरा पोचली की फोन त्यांची वाट बघत नाही, टाकून देतो. मेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण शब्द अर्धा सेकंद उशिरा आला तर वाक्य मोडतं.

आमच्याकडे एक मुलगी आहे, सपोर्टमधली सगळ्यात शांत आणि सगळ्यात चांगली. तिचा रेकॉर्ड दोन महिन्यांत घसरला. ‘कस्टमरने फोन ठेवला’ या रकान्यातले आकडे वाढत गेले. टीम लीडने तिला बोलावून ‘टोनवर काम कर’ असं सांगितलं. अप्रेझल दीड महिन्यावर होतं. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘ताई, मी हळू बोलते, स्पष्ट बोलते, आणखी काय करू?’ मी तिचं रेकॉर्डिंग ऐकलं. टोन उत्तम होता. मधले शब्दच गायब होते.

मग मी एक साधा उद्योग केला. तिच्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये माझा लॅपटॉप लावला, वायरशार्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि हात बांधून बसले. यातली गंमत समजून घ्या. स्विच हुशार असतो. कुणाचं पाकीट कुठल्या पोर्टवर द्यायचं हे तो लक्षात ठेवतो. त्यामुळे मी काहीच करत नसेन तर माझ्या वायरवर फक्त सगळ्यांसाठी असलेलं ओरडणं यायला हवं. ते येतच होतं. `Who has 192.168.1.40? Tell 192.168.1.1` अशा ओळी एकामागून एक सरकत होत्या. ‘चाळीस नंबर कोण आहे, एक नंबरला कळवा.’ हाच तो स्कूटरवाला पुकारा.

आता इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगते, कारण बरेच लोक इथे घाबरवतात. असे पुकारे सेकंदाला दोनशे आले तरी वायर भरत नाही. एक पुकारा अगदी लहान, 64 बाइटचा. दोनशेंचा हिशेब केला तर 100 एमबीपीएसच्या वायरचा जेमतेम हजारावा भाग होतो. त्रास वायरला नसतो, ऐकणाऱ्याला असतो. प्रत्येक यंत्राला काम थांबवून पाकीट उघडून बघावं लागतं की हे माझं आहे का. कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही. फोन आणि कॅमेऱ्याच्या आतली चिप बिचारी लहान असते, तिला जाणवतं. तरीसुद्धा एवढ्याने आवाज चिरणार नाही. म्हणून मी बसून राहिले.

साडेदहाला स्क्रीन वेड्यासारखी पळायला लागली. पाकिटांचे पत्ते 239 ने सुरू होणारे, पाठवणारे आमचे कॅमेरे. काहीही न मागता माझ्या वायरवर साठ-पासष्ट एमबीपीएस येत होते. पार्किंग, लिफ्ट, पॅन्ट्री, सगळ्याचा व्हिडिओ मला आणि माझ्यासारख्या प्रत्येक सॉकेटला चाललेला. एकला थोडं आधी ते बंद पडलं. दुपारी अडीचला पुन्हा सुरू.

साडेदहाला आमच्याकडे काय होतं? सर येतात. केबिनमध्ये टीव्ही लावतात आणि त्यावर सोळा कॅमेऱ्यांची भिंत उघडतात. एकला जेवायला जातात, अडीचला परत. ‘सर ऑफिसात आले की कॉल बिघडतात’ हा सपोर्टवाल्यांचा जोक होता. तो शब्दशः खरा निघाला.

झालं असं होतं की कॅमेरे बसवणाऱ्याने लाइव्ह बघण्यासाठी ‘मल्टिकास्ट’ हा पर्याय निवडला होता. मल्टिकास्टचा हेतू चांगला आहे. एकच चित्र दहा जणांना बघायचं असेल तर कॅमेऱ्याने दहा प्रती पाठवायच्या नाहीत, एकच पाठवायची, आणि ज्यांनी मागितलं त्यांनाच स्विचने ती वाटायची. पण कुणी मागितलं हे समजायला स्विचला एक जादा अक्कल लागते, तिला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. आमच्या टेबलाखालच्या स्वस्त स्विचना ती नव्हती. मग ते मल्टिकास्टलाही ब्रॉडकास्टच समजतात, ‘द्या सगळ्यांना’. सोळा कॅमेरे, प्रत्येकी चार एमबीपीएस, झाले चौसष्ट. डेस्क फोनचं पोर्ट 100 चं, आणि त्याच फोनमधून पुढे कॉम्प्युटरची वायर जाते. चौसष्ट एमबीपीएस सरांचा टीव्ही, वर कॉम्प्युटरवर कुणी मोठी फाइल उतरवतंय, आणि या गर्दीत त्या मुलीचा एक शब्द.

तात्पुरता इलाज पाच मिनिटांचा होता. सेटिंग युनिकास्ट केलं, पूर थांबला, कॉल सुधारले. मी दोन्ही दिवसांचे ग्राफ टीम लीडला पाठवले आणि त्या रकान्याच्या शेजारी ठेवायला सांगितले. ठेवले त्यांनी. पण एका सेटिंगवर ऑफिस चालवायचं म्हणजे उद्या दुसरा कुणी येऊन ते बदलणार. मी नवे मॅनेज्ड स्विच आणि तीन वेगळी नेटवर्क मागितली. सर म्हणाले, ‘आता चालतंय ना? मग पुढच्या क्वार्टरला बघू.’

पुढचा क्वार्टर तीन आठवड्यांत आला. तिसऱ्या मजल्यावर टेबलं हलवली गेली. डेस्क फोनच्या पाठीमागे दोन भोकं असतात, एक भिंतीकडे जाणारं आणि एक कॉम्प्युटरकडे. टेबल लावताना कुणीतरी नीटनेटकेपणाने दोन्ही वायरी भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये खोचल्या. तिथे एक वर्तुळ तयार झालं. पुकारा एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, परत स्विचकडे, परत फोनकडे. इथे वाईट भाग असा की या पातळीवरच्या पाकिटाला मरण नसतं. इंटरनेटवरचं पाकीट काही टप्प्यांनंतर आपोआप टाकून दिलं जातं, हे फिरतच राहतं आणि प्रत्येक फेरीला सगळ्या पोर्टांवर त्याच्या प्रती निघतात. काही सेकंदांत दोन्ही मजले बंद. फोन बंद, कॅमेरे बंद, प्रिंटरसुद्धा. स्विचचे सगळे दिवे एकदम, एका तालात लुकलुकत होते. ही खूण लक्षात ठेवा, निरोगी नेटवर्कचे दिवे कधी एका तालात लुकलुकत नाहीत. एकेक वायर उपटत तो फोन सापडायला चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळी बजेट मंजूर.

आता मूळ कामाचा फंडा. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या आत आखलेल्या वेगवेगळ्या विंग. नवीन इमारत नको, नवीन वायर शक्यतो नको. ए विंगचा पुकारा ए विंगलाच ऐकू जातो. मी कॉम्प्युटरना 10 नंबर दिला, फोनना 20, कॅमेऱ्यांना 30. प्रत्येकाचे पत्तेही वेगळे, 192.168.10, 192.168.20, 192.168.30. पत्त्यातला आकडा आणि विंगचा नंबर एकच ठेवला की रात्री अकराला डोकं चालत नसतानाही चूक दिसते. मजल्यांमधल्या एकाच वायरवरून तिन्ही विंगचा माल जातो, म्हणून प्रत्येक पाकिटावर स्विच चार बाइटची चिठ्ठी लावतो, त्यात विंगचा नंबर. पलीकडचा स्विच चिठ्ठी काढून घेतो. या चिठ्ठीचं स्टँडर्ड 802.1क्यू, 1998 सालचं, आणि म्हणूनच दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विचही एकमेकांची चिठ्ठी वाचू शकतात.

मला विचाराल तर सुरुवात कॅमेऱ्यांपासून करावी. ते भांडत नाहीत आणि शनिवारी ऑफिसात असतात. छत्तीस कॅमेरे, प्रत्येकाचा पत्ता हाताने टाकलेला. क्रम असा. कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन नवा पत्ता द्यायचा. सेव्ह केलं की कॅमेरा गायब होतो, कारण त्याचा पत्ता नव्या विंगचा आणि वायर अजून जुन्या विंगमध्ये. मग स्विचवर त्याचं पोर्ट 30 मध्ये टाकायचं आणि नव्या पत्त्यावर हाक मारायची. उत्तर आलं की पुढचा. एकावेळी एकच. सगळ्यांचे पत्ते आधी आणि पोर्ट नंतर असं केलं तर छत्तीस आंधळे कॅमेरे आणि कुठला कुठल्या वायरवर याचा पत्ता नाही. मी आदल्या दिवशी प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर लिहिले होते.

त्यातच अकाउंट्सच्या टेबलाखाली एक पाच पोर्टचा स्विच निघाला. त्यात मॅडमचा कॉम्प्युटर आणि डोक्यावरचा कॅमेरा दोन्ही. साध्या स्विचला विंग कळत नाहीत, त्याला जोडलेलं सगळं एकाच विंगमध्ये जातं. म्हणजे मॅडम कॅमेऱ्यांत राहणार किंवा कॅमेरा मॅडमच्या टॅलीशेजारी. त्याला एकच उत्तर, एक नवी वायर. ती छतातून ओढायला पूर्ण दुपार गेली.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा हा प्रश्न लोक सहज घेतात, पण तो महत्त्वाचा. दोन विंगमधलं बोलणं गेटवरच्या वॉचमनमधून, म्हणजे फायरवॉलमधून जातं. छत्तीस कॅमेरे, प्रत्येकी चार एमबीपीएस, म्हणजे 144 एमबीपीएस चोवीस तास. रेकॉर्डर दुसऱ्या विंगमध्ये ठेवला तर हे सगळं त्या वॉचमनच्या अंगावरून जाणार आणि छोट्या ऑफिसचा फायरवॉल दमणार. म्हणून रेकॉर्डर 30 मध्येच, कॅमेऱ्यांच्या शेजारी. सरांच्या टीव्हीला फक्त त्या रेकॉर्डरपर्यंत जायची परवानगी, बाकी कुणाला नाही. कॅमेऱ्यांना इंटरनेट बंद. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर, कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी न बदललेले, पकडून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. शिवाय पार्किंगमधल्या कॅमेऱ्याची वायर काढून कुणी लॅपटॉप लावला तर आता त्याला फक्त बाकीचे कॅमेरे दिसतील, पगारपत्रक नाही.

सोमवारी सकाळी कॅमेऱ्यांचा माणूस धापा टाकत आला. ‘मॅडम, सगळे कॅमेरे गेले! सर्च मारला, झिरो दाखवतंय.’ मी रेकॉर्डरचा स्क्रीन दाखवला, छत्तीसही चालू. त्याचं सर्चचं सॉफ्टवेअर पुकारा करून कॅमेरे शोधतं आणि तो बसला होता कॉम्प्युटरच्या विंगमध्ये. पुकारा विंगबाहेर जात नाही, म्हणून झिरो. त्याला 30 मधलं एक सॉकेट दिलं, सगळे दिसले. बिचारा दोनदा सर्च मारून खात्री करून गेला.

फोनचं प्रकरण जास्त नाजूक, कारण फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायरवर. तिथे पोर्टला दोन नंबर देतात. चिठ्ठी नसलेलं पाकीट 10 चं, चिठ्ठी असलेलं 20 चं. फोन सुरू झाल्यावर स्विच त्याच्या कानात सांगतो, ‘तुझी विंग 20.’ या सांगण्याच्या पद्धतीला एलएलडीपी-मेड म्हणतात. मग फोन स्वतःच्या पाकिटांवर चिठ्ठी लावतो आणि कॉम्प्युटरची तशीच पुढे सोडतो. एवढ्यासाठी नव्वद नवीन वायरी वाचतात.

पहिला फोन मी एकटाच हलवला, पुन्हा शनिवारी. तो ‘आयपी मिळत नाही’ म्हणून बसला. हे अपेक्षित होतं, फक्त खात्री करायची होती. नवीन यंत्र पत्ता मागतं तेसुद्धा ओरडूनच, ‘कुणी पत्ता देता का?’ आणि पत्ते वाटणारा सर्व्हर बसलाय 10 मध्ये. 20 मधली हाक त्याला ऐकूच जात नाही. गेटवरच्या वॉचमनला सांगावं लागतं की अशी हाक आली तर तेवढी आत पोचव. याला रिले म्हणतात. एका विंगला एक ओळ. ती टाकली, फोनला पत्ता मिळाला. कॉम्प्युटरच्या बाबतीत हीच अडचण ओळखायची खूण म्हणजे त्याचा पत्ता 169.254 ने सुरू होतो. म्हणजे त्याने हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, आणि त्याने स्वतःच काहीतरी नाव घेतलं.

दुसरी खूण. दुसऱ्या मजल्यावरचे फोन चालू आणि तिसऱ्यावरचे बंद असतील तर फोनकडे बघूच नका. मजल्यांमधल्या वायरला 20 नंबर न्यायची परवानगी दिलेली नाही, एवढंच. आणि ती वायर बदलताना मी घरून कधीच करत नाही. सिस्कोच्या स्विचवर आधी `reload in 10` लिहिते. काही चुकून माझाच रस्ता बंद झाला तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर परत उठतो. सगळं ठीक असेल तर `reload cancel`, आणि मग सेव्ह.

आता खरं सांगायचं तर व्हीलॅनने वायर जाड होत नाही. मजल्यांमधली एक जीबीपीएसची वायर तिन्ही विंग वाटूनच घेतात. तिच्यात गर्दी झाली तर फोनला पुढे जाऊ द्या, असं वेगळं सांगावं लागतं. ते आम्ही सांगितलं. नव्या स्विचवर ती मल्टिकास्टची अक्कलही चालू ठेवली. आणि ते वर्तुळ? व्हीलॅनने वर्तुळ थांबत नाही, फक्त त्या विंगपुरतं राहतं, आणि सामाईक वायर भरली तर तेवढंसुद्धा नाही. त्यासाठी टेबलांच्या प्रत्येक पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावला. स्विचने स्वतः पाठवलेली पाकिटं दुसऱ्या पोर्टने परत आली की तो समजतो आपण गोल फिरतोय आणि पोर्ट बंद करतो. काही फोन ती पाकिटं आतल्या आत गिळतात, म्हणून जोडीला ब्रॉडकास्टवर मर्यादाही.

शेवटच्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावर जाऊन मी मुद्दाम त्याच फोनच्या दोन्ही वायरी भिंतीत खोचल्या. सर मागे उभे होते. काही सेकंदांत त्या फोनचा डिस्प्ले विझला आणि माझ्या स्क्रीनवर `err-disabled` आलं. बाकीचे फोन चालू. केबिनमधल्या टीव्हीवर सोळा चित्रं हलत होती, त्यातल्या एकात आम्ही दोघं भिंतीकडे वाकलेले.

कॉम्प्युटरच्या विंगमध्ये पुकारे अजून आहेतच, एकशे दहा यंत्रं आणि सहा प्रिंटर गप्प थोडेच बसणार. पण ते आता फोनला आणि कॅमेऱ्याला ऐकू जात नाहीत. मीटिंग रूमच्या टीव्हीवर लॅपटॉपमधून चित्र पाठवायचं तर दोघंही एका विंगमध्ये लागतात, कारण ते एकमेकांना हाक मारूनच शोधतात. सेल्सच्या मुलांनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली, मी टीव्ही 10 मध्ये घेतला. लोकांचे मोबाइल मात्र 40 मध्ये गेले, फक्त इंटरनेट.

त्या मुलीचं अप्रेझल नीट झालं. टीम लीडने दोन महिन्यांचा तो रकाना धरला नाही. परवा ती चौथ्या मजल्याबद्दल विचारत होती, कारण तो आम्ही घेतोय. तिला सांगितलं, तुझ्या फोनची विंग तीच राहणार, वीस.